बोस्टनचा तक्ता, कर्जतचे मूल

काल अंगणात हुंदडणारे मूल आज सकाळी पाय टेकायला तयार नाही, हे गाऱ्हाणे घेऊन आई-बाप दवाखान्यात येतात तेव्हा डॉक्टरच्या मनात दोन नावे लगेच उभी राहतात. एक, ट्रान्झियंट सायनोव्हायटिस. यात खुब्याच्या सांध्याचे अस्तर सुजते, सांध्यात थोडे पाणी साठते, आणि आठवड्या-दीड आठवड्यात सगळे आपोआप निवळते. दुसरे, सेप्टिक आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यात जंतूंनी झालेला पू. त्यातली विकरे कूर्चा खाऊ लागतात, आवरणाआतला दाब वाढून मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि चार-पाच दिवस वाया गेले तर तो सांधा पूर्ववत होण्याची आशा झपाट्याने कमी होते. तान्ह्या मुलांत हा रोग खुब्याचे डोके अक्षरशः विरघळवून टाकतो, हे लंडनच्या थॉमस स्मिथ यांनी 1874 मध्येच लिहून ठेवले. पहिल्या दिवशी मात्र दोन्ही मुले सारखीच दिसतात: मांडी थोडी वाकवून बाहेर वळवलेली, पाय आत फिरवला की रडणे, आणि दुखते कुठे विचारले तर बोट गुडघ्यावर. शेवटची गोष्ट विसरली की गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो चांगला येतो, आणि मूल मुरगळलेला पाय म्हणून घरी जाते किंवा मालिशीसाठी हाडवैद्याकडे. आदल्या दिवशी मूल पडले होते, हे जवळजवळ प्रत्येक घरातून सांगितले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते, कारण चार वर्षांचे मूल रोजच पडते.

या पुस्तिकेचा विषय हा फरक ओळखणे एवढाच आहे. जगभरच्या शिकवणीत त्याचे उत्तर एका तक्त्यातून आणि एका आकड्यातून दिले जाते. तक्ता बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या मिनिंदर कोचर आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मांडला. त्यात चार गोष्टी पाहायच्या: ताप (38.5 अंश सेल्सिअस, आपल्या थर्मामीटरवर साधारण 101.3), पाय न टेकणे, ईएसआर 40 किंवा जास्त, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी 12,000 च्या वर. चारांपैकी एकही नसेल तर पू असण्याची शक्यता हजारात दोनपेक्षा कमी, एक असेल तर 3 टक्के, दोन असतील तर 40, तीन असतील तर 93 आणि चारही असतील तर 99.6 टक्के. आकडा म्हणजे सांध्यातून सुईने काढलेल्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशींचा: घन मिलिमीटरला 50,000 च्या वर गेला की पू, खाली राहिला की नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हे दोन्ही जसेच्या तसे वापरू नयेत, आणि टाकूनही देऊ नयेत, असे माझे म्हणणे आहे. ते नुसत्या सावधगिरीपोटी नाही. तक्त्याचे गणित आणि 50,000 ची जन्मकथा पाहिली की तेच निघते.

आधी गणित. कोचर यांच्या तक्त्यात मोजलेली मुले 168 होती. त्यांतल्या 82 जणांना सेप्टिक आर्थ्रायटिस आणि 86 जणांना ट्रान्झियंट सायनोव्हायटिस ठरला. म्हणजे तक्ता लागू करण्याआधीच निम्म्या मुलांत पू होता. हे मोठ्या रुग्णालयाचे चित्र आहे. तिथे वाटेतल्या चार दवाखान्यांनी गाळून पाठवलेली मुले पोचतात. कशेळ्याच्या किंवा चौकच्या ग्रामीण रुग्णालयात सर्दी-तापानंतर लंगडणारे मूल थेट येते, आणि अशा दारावर सायनोव्हायटिस पू होण्यापेक्षा कितीतरी जास्त आढळतो. तो नेमका किती, हे गृहीतच धरावे लागेल. समजा, आपल्या दारावर दहांतल्या एका मुलाला पू असतो. मग बोस्टनचेच चार प्रश्न, बोस्टनइतकीच ताकद ठेवून इथे लावले तर दोन गोष्टी असलेल्या मुलाची शक्यता 40 वरून सुमारे 7 टक्क्यांवर येते, आणि तीन असलेल्याची 93 वरून साठीच्या आसपास. यात कोणी चूक केलेली नाही. तक्ता सुरुवातीच्या शक्यतेला गुणतो, आणि सुरुवातच वेगळी आहे. एक बारकावा क्वचितच सांगितला जातो. बोस्टनमध्ये तक्त्याआधीची शक्यता 49 टक्के होती आणि दोन गोष्टी सापडल्यावर ती 40 झाली. म्हणजे चारांपैकी दोन सापडणे हा पुराव्याच्या दृष्टीने जवळपास शून्य बदल आहे, किंचित खालच्या बाजूचाच. तरीही ‘दोन म्हणजे 40 टक्के’ हे वाक्य ऐकणाऱ्याला पुवाच्या बाजूचा पुरावा वाटते.

तक्ता परक्या जागी जातो तेव्हा काय होते, हे पुढे तपासलेही गेले. 2004 मध्ये त्याच बोस्टनच्या रुग्णालयात नव्या मुलांवर तो लावला तेव्हा तीन गोष्टी असलेल्यांत शक्यता 93 वरून 73 टक्क्यांच्या खाली आली. त्याच वर्षी सेंट लुइसच्या स्कॉट लुहमन यांनी आपल्या रुग्णालयातली मुले पाहिली, तर चारही गोष्टी असलेल्यांत पुवाची शक्यता 99.6 नव्हे, 59 टक्के निघाली. 2006 मध्ये फिलाडेल्फियाच्या गटाने सीआरपी ही पाचवी गोष्ट जोडली, लीटरमागे 20 मिलिग्रॅमच्या वर. तिथे ताप सर्वांत बोलका आणि त्यामागे सीआरपी ठरला. मला यातली सीआरपीची भर खरोखर कामाची वाटते. ईएसआर सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो, सीआरपी काही तासांत हलतो. फक्त एकक पाहावे. काही लॅब ते डेसिलीटरमागे छापतात, आणि तिथला 3.6 हा लीटरमागे 36 असतो. कागदावर 3.6 वाचून ‘सीआरपी नॉर्मल’ म्हटले गेले तर तक्ता कितीही चांगला असून उपयोग नाही.

आता एक मूल घेऊ. ते कल्पित आहे, पण त्याचे सगळे तपशील या भागात रोज भेटतात. जुलै महिना, कशेळ्याजवळच्या एका ठाकूरवाडीतला चार वर्षांचा मुलगा. चार दिवसांपूर्वी सर्दी झाली, परवा रात्री अंग फणफणले, काल गावातल्या डॉक्टरने एक इंजेक्शन दिले आणि पातळ पॅरासिटामॉलची बाटली दिली. आज पहाटेही बाटलीतले एक झाकण दिले आहे. सकाळी नऊ वाजता तो आईच्या कडेवर आहे, खाली ठेवला की पाय वर उचलून धरतो. थर्मामीटर 100 दाखवतो. पांढऱ्या पेशी 11,400, ईएसआर 44, सीआरपी 36. तक्त्याने मोजा: पाय टेकत नाही हा एक गुण, ईएसआर हा दुसरा. ताप? कोचर यांच्या तक्त्यात तापाचा इतिहास धरला आहे, पण वाडीत थर्मामीटर नव्हता. आईच्या हाताला अंग कढत लागले एवढेच माहीत आहे, आणि आत्ताचा 100 हा पॅरासिटामॉलनंतरचा आहे. तो धरला तर गुण तीन. पांढऱ्या पेशी 12,000 च्या आत आहेत, पण हाताने, चेंबरमध्ये मोजताना दहा टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि इथे फरक 600 चाच आहे. म्हणजे हाच मुलगा दोन, तीन किंवा चार गुणांचा ठरू शकतो, आणि तक्ता त्याला 40, 93 किंवा 99.6 टक्के देतो, तेही एका न लावलेल्या थर्मामीटरवर आणि एका चेंबरच्या मोजणीवर. आणि या गुणांना कालच्या इंजेक्शनची माहितीच नाही. ते प्रतिजैविक असेल तर ताप, पेशी आणि पुढे कल्चर, तिन्ही दबलेले असतील.

यावर पहिला आक्षेप येईल तो सरळ आहे: मग तक्ता कशाला, प्रत्येक लंगडणारे मूल मुंबईला पाठवा. वाडिया रुग्णालय परळला आहे, कर्जत स्थानकातून लोकलने साधारण दोन तास, 108 ची रुग्णवाहिका आहे. हे म्हणणे स्वस्त आहे, कारण त्याची किंमत दुसऱ्याने द्यायची असते. वीटभट्टीवर किंवा शेतमजुरीला जाणाऱ्या कातकरी किंवा ठाकूर कुटुंबासाठी परळची वारी म्हणजे रोजगार बुडणे, घरी राहिलेल्या भावंडांची सोय, आणि बहुतेकदा सर्दीच्या मागून आलेल्या सुजेसाठी निष्कारण घेतलेली सुई. खुब्यातली सुई ही गुडघ्यातली सुई नाही. ती झोपवून किंवा भूल देऊन, सोनोग्राफीच्या आधाराने टाकायची असते, आणि सांध्यात पाणी मिळाले नाही तर सुई खरेच आत होती का हे तपासावे लागते. शिवाय सोनोग्राफीचे यंत्र गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदलेल्या जागीच वापरता येते, त्यामुळे खिशात घेऊन वाडीत जाण्याचा मार्ग इथे नाही. दहा निष्कारण वाऱ्या झाल्या की अकराव्या वेळी, खऱ्या पुवाच्या दिवशी, ‘दोन दिवस थांबून बघू’ असे उत्तर मिळते, आणि ते उत्तर देणारी आई चुकीची नसते.

म्हणून तक्त्याचा उपयोग निदानासाठी नाही, वाट ठरवण्यासाठी करावा, असे मी म्हणतो. चारही प्रश्नांची उत्तरे नाही आणि सीआरपी 20 च्या आत, मूल पाय टेकते, प्रतिजैविक मिळालेले नाही: असे मूल घरी पाठवता येते, उद्या सकाळी परत बोलावून. इंग्लंडमधल्या 2011 च्या एका अभ्यासात सीआरपी आणि पाय टेकणे हे दोनच धागे घेतले तरी दोन्ही चांगले असलेल्या मुलांत पुवाची शक्यता टक्क्याच्याही खाली होती. उलट, पाय टेकत नाही आणि सीआरपी वर, एवढ्यावरच मूल पाठवायचे. टक्केवारी काढत बसायचे नाही. आपला कशेळ्याचा मुलगा या दुसऱ्या गटात येतो. सोनोग्राफीत खुब्यात पाणी दिसले तर सुई टाकायची. पाणी नाही तर पू असल्याचा संशय फारसा राहत नाही, मात्र दुखणे अगदी ताजे असेल तर पुन्हा पाहावे. पाणी दिसले म्हणून पू आहे असे मात्र ठरत नाही, कारण सोनोग्राफीला दोन्ही पाणी सारखेच दिसते.

आता त्या पाण्याकडे, कारण खरी गफलत तिथे होते. समजा या मुलाच्या पाण्यात पेशी 38,000 आल्या, त्यांत 86 टक्के न्यूट्रोफिल, ग्रॅम स्टेनमध्ये जंतू नाहीत. 50,000 चा नियम म्हणतो, पू नाही. पण हा नियम कुठून आला ते पाहावे. कोचर यांच्या अभ्यासात सेप्टिक म्हणून मोजलेल्या 82 मुलांपैकी 38 जणांतच जंतू सिद्ध झाले होते. उरलेली 44 मुले ‘सेप्टिक असावे’ या गटात गेली ती कल्चर निगेटिव्ह आणि पेशी 50,000 किंवा जास्त एवढ्या आधारावर. आणि सायनोव्हायटिस ठरला तो पेशी 50,000 च्या खाली असलेल्यांत. म्हणजे 50,000 हा आकडा रोग ओळखायला शिकवतो ते व्याख्येतच तो घातलेला आहे म्हणून. परीक्षकाने स्वतःच्याच उत्तरपत्रिकेला गुण द्यावेत तसा हा प्रकार. 40,000 पेशी असलेला, कल्चर न उगवलेला खरा पू या अभ्यासात सायनोव्हायटिसच्या रांगेत जाऊ शकतो. फक्त तो प्रतिजैविकाशिवाय बरा झालेला असायला हवा, ही अट होती, आणि तेवढाच त्याला आधार आहे.

वर्तुळाबाहेरचे आकडे मोठ्या माणसांत आहेत. मोठ्यांच्या सांध्यांचे अनेक अभ्यास एकत्र करून 2007 मध्ये एका अमेरिकी आढाव्याने दाखवले की 50,000 च्या वरच्या पेशी पुवाचे पारडे सुमारे 7.7 पटींनी जड करतात, आणि 25,000 च्या खालच्या पेशी ते साधारण तिसऱ्या हिश्शावर आणतात. त्या अभ्यासातले टक्के वजा करून पाहिले तर 25,000 ते 50,000 मधला पट्टा पारडे जवळजवळ हलवतच नाही. तो गुणक एकाच्या किंचित खाली पडतो. मोठ्यांत गाऊट आहे, मुलांत नाही, म्हणून हे आकडे मुलांना जसेच्या तसे लावू नयेत. पण दिशा ठरते. मुलाची आधीची शक्यता 40 टक्के धरली आणि पेशी 60,000 निघाल्या तर शक्यता 84 टक्क्यांच्या आसपास जाते. त्याच 60,000 पेशी आधी 5 टक्के शक्यता असलेल्या मुलात निघाल्या तर ती 29 टक्क्यांवर थांबते, आणि तिथे मुलांतल्या जुन्या संधिवाताचा विचार करायलाच हवा, कारण त्याचेही पाणी 50,000 ओलांडू शकते. उलट 40 टक्के असलेल्या मुलात पेशी 25,000 च्या खाली आल्या तरी 18 टक्के शक्यता शिल्लक राहते. पाच-सहा मुलांत एक. आपल्या 38,000 वाल्या मुलात पाण्याने काहीच सांगितलेले नाही. तो सुईआधी जिथे होता तिथेच आहे, आणि खुबा असल्यामुळे, सीआरपी 36 असल्यामुळे, कालचे इंजेक्शन असल्यामुळे, त्याचा सांधा उघडून धुणे आणि शिरेतून प्रतिजैविक देणे मला योग्य वाटते. तो निर्णय 38,000 मुळे नाही, 38,000 असूनही आहे.

पाणी प्रयोगशाळेत जाईपर्यंत काय होते, त्यावर या पुस्तिकेत एक अख्खे प्रकरण आहे, आणि ते सर्वांत आधी वाचावे असे मी सुचवतो. पेशी मोजण्याचे पाणी ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत टाकायचे. साध्या नळीत ते गोठते, आणि गुठळीत अडकलेल्या पेशी मोजल्या जात नाहीत. रक्ताच्या पांढऱ्या पेशी मोजताना लॅबमध्ये जे टर्कचे द्रावण वापरतात त्यात ॲसेटिक ॲसिड असते. सांध्याच्या पाण्यातला चिकट हायलुरोनेट त्याने साखळतो, पेशी गोळ्यात गुंतून जातात आणि मोजणी कोसळते. त्यासाठी साधे सलाइन वापरायचे. तंत्रज्ञ वर्षानुवर्षे रक्तासाठी हातात घेतलेली बाटलीच उचलणार, त्यामुळे हे त्याला आधी सांगून ठेवावे. पेशी नळीत टिकत नाहीत, काही तासांत मोडू लागतात. कर्जतला सकाळी काढलेले पाणी संध्याकाळी पनवेल किंवा कल्याणच्या लॅबमध्ये मोजले तर 60,000 चे 40,000 झालेले असू शकते, आणि अहवालावर त्या तासांचा उल्लेख नसतो. मोजणी जवळच, तासाभरात, आणि स्लाइडही तिथेच करून ठेवावी.

कल्चरचे पाणी निराळे. थोडे पाणी रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत थेट टाकावे. किंजेला किंजी हा जंतू सहा महिने ते चार वर्षांच्या मुलांत सांध्यांचा एक महत्त्वाचा कारक आहे, आणि तो साध्या प्लेटवर बहुधा उगवत नाही. दक्षिण इस्राएलमधल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये रक्ताच्या बाटलीत पाणी टाकून तो वारंवार पकडला तेव्हा ‘कल्चर निगेटिव्ह पू’ म्हणून गणल्या गेलेल्या बऱ्याच मुलांचे कारण समोर आले. हा जंतू सौम्य चालीचा असतो. ताप नाही, पेशी फारशा वाढलेल्या नाहीत, कोचरच्या तक्त्यावर एखादाच गुण. म्हणून दोन वर्षांच्या मुलाला तक्ता लावून निर्धास्त होऊ नये. तिथे पाय न टेकण्याला एकट्यालाच जास्त वजन द्यावे. आणि ग्रॅम स्टेन निगेटिव्ह हा अहवाल सगळ्याच वयांत कमी किमतीचा आहे. सिद्ध झालेल्या पुवातही निम्म्याहून जास्त वेळा तो काहीच दाखवत नाही.

दुसरा आक्षेप प्रतिजैविकाचा. परळला पोचेपर्यंत तास जातील, मग पहिला डोस इथेच देऊन टाकावा, की पाणी काढेपर्यंत थांबावे? मूल मलूल असेल, हातपाय गार असतील तर थांबायचा प्रश्नच नाही. रक्ताचे कल्चर घेऊन डोस द्यावा. मूल सावध असेल आणि सुई काही तासांत टाकली जाणार असेल तर पाणी आधी. पावसाळ्यात घाट, लोकल किंवा रुग्णवाहिका यांपैकी काही अडले आणि सुई उद्यावर जाणार हे दिसू लागले, तर मी रक्ताचे कल्चर घेऊन डोस देण्याच्या बाजूचा आहे. निदान धूसर होईल हा त्यातला तोटा आहे, पण खुबा गेल्याचा तोटा त्याहून मोठा. असे करताना इंजेक्शनचे नाव आणि वेळ कागदावर हवी. सुई टाकणाऱ्याला समोरचे 38,000 हे अर्धवट दबलेले आहेत की स्वच्छ, हे दुसऱ्या कशाने कळणार नाही.

तक्त्याला एक गोष्ट मुळीच कळत नाही: तो फक्त दोन रोगांमध्ये निवडतो, कारण अभ्यासात तेवढीच मुले घेतली होती. क्षयाचा खुबा, पर्थेसचा रोग, रक्ताचा कर्करोग यांना त्यात रकाना नाही. घरी पाठवलेले सायनोव्हायटिसचे मूल म्हणूनच दुसऱ्या दिवशी तपासायचे, आठवड्याने पुन्हा पाहायचे, आणि दोन आठवड्यांनंतरही लंगडत असेल तर एक्स-रे काढायचा. वजन घटले असेल, रात्री दुखून उठत असेल, घरात कुणाला खोकला असेल, तर सीआरपी साधा असला तरी सांध्यातले पाणी किंवा अस्तराचा तुकडा क्षयाच्या जलद जनुकीय तपासणीला पाठवायचा. फिकट पडलेल्या, टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उमटलेल्या मुलाला सुजेसाठी स्टेरॉइड देण्याआधी रक्ताची स्लाइड पाहून घ्यायची. एका डोसानेही ल्युकेमियाचे चित्र काही आठवडे झाकले जाऊ शकते.